पत्र्यामागचं दव

१४ ऑक्टोबर, निफाड

कंटेनर कोणता घ्यायचा ते आज ठरलं. चाळीस फुटी, हाय क्यूब, कोरड्या मालाचा. हाय क्यूब एवढ्यासाठी की त्याची आतली उंची २.६९ मीटर मिळते. साध्या कंटेनरला ती २.३९ मीटरच असते. छताला आतून अस्तर द्यायचं तर हा फूटभर फरकच कामाला येतो.

द्राक्षाच्या प्रीकूलिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यामुळे प्रत्येक जण मला एकच विचारतो, रीफरच का घेत नाही? त्याच्या भिंतीत फोम आधीपासून भरलेला असतो. खरंच असतो. पण वापरून बाद झालेल्या रीफरच्या फोममध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. दोन पत्र्यांच्या मधे अडकलेलं ते पाणी बाहेर काढायला वाट नसते. शिवाय प्रत्येक खिडकीसाठी ते दोन्ही पत्रे कापायचे आणि प्रत्येक कापलेली कड पुन्हा हवाबंद करायची. आतली रुंदीही कमी. मला जुना फोम नको. स्वतः बघितलेला, स्वतः मोजलेला हवा.

५ नोव्हेंबर

उरणहून ट्रेलर पहाटे आला, हायड्राने तासाभरात कंटेनर उतरवला. इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे काँक्रीटचे पेडस्टल मुरूम लागेपर्यंत खाली नेले आहेत आणि वर दोन फूट उघडे ठेवले आहेत. खालून माणूस सरपटत जाऊ शकेल एवढी जागा मला मुद्दाम हवी होती. तळालाही फोम मारायचा आहे.

उतरवण्याआधी यार्डात केलेली तपासणी आज पुन्हा केली. आत उभं राहायचं, दोन्ही दारं बाहेरून लावून घ्यायची आणि डोळे अंधाराला सरावले की छताकडे बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी ताऱ्यासारखं लुकलुकतं. एकही दिसलं नाही.

दारावरच्या पाटीवर जमिनीच्या लाकडाला कोणतं औषध दिलंय ते लिहिलेलं असतं. २८ मिमी जाडीचा तो प्लायवूड कीड लागू नये म्हणून कीटकनाशकात मुरवलेला असतो. माल वाहायला ते ठीक, झोपायला नाही. तो उचकटून टाकणार नाही, कारण जमिनीचा भार तोच पेलतो. वरून इपॉक्सीचे दोन हात, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर फरशीचं अस्तर असं करणार.

१६ नोव्हेंबर

मिस्त्रींनी खिडक्यांच्या खुणा केल्या. या पेटीत वजन पेलतात ते चार कोपऱ्यांचे खांब, पण लांब बाजू सरळ ठेवतो तो नालीदार पत्राच. त्यामुळे कापण्याआधी बॉक्स पाईपची चौकट तयार हवी. पत्रा काढला की लगेच चौकट बसवून वेल्डिंग. यावर आमचं एकमत झालं.

अस्तराचा विषय निघाला तेव्हा झालं नाही. ते म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी एका पॅकहाऊसचं ऑफिस केलं. चॅनेल पत्र्यालाच टाकले, मधे ग्लासवूल भरली, वरून प्लाय. एकदम गार राहतं. फोमचा खर्च कशाला?"

उन्हाळ्यात गार राहत असणार, त्यात मला शंका नाही. मी विचारलं, "थंडीत बघितलंय का?" ते म्हणाले, "थंडीत कोण तक्रार करणार?" मग आम्ही ते ऑफिस बघायला जायचं ठरवलं.

१९ नोव्हेंबर

पॅकहाऊसच्या मालकांनी आनंदाने परवानगी दिली. त्यांना प्लायचा कुबट वास येतच होता. उत्तरेकडच्या कोपऱ्यातली एक शीट मिस्त्रींनी स्क्रू काढून सोडवली. तिच्या मागच्या बाजूला, तळापासून वीतभर उंचीवर, काळ्या ठिपक्यांची रांग होती. ग्लासवूल वरच्या टोकाला निसटून खाली बसलेली, त्यामुळे वर हातभर रिकामी जागा. खालची वूल दाबली तर बोटं ओली झाली. पत्र्यावर गंजाचे ओघळ होते, आणि ते बाहेरच्या बाजूला नव्हते, आतल्या बाजूला होते. बाहेरचा रंग धडधाकट.

मालकांना वाटत होतं कुठूनतरी पाऊस शिरतोय. त्यांनी छताच्या सगळ्या सांध्यांना सीलंट मारून घेतलं होतं. पावसाचं पाणी वरून येतं आणि सांध्याखाली डाग पाडतं. हे ओघळ भिंतीच्या मधूनच, सांधा नसलेल्या ठिकाणी सुरू होत होते, आणि सगळे चॅनेलला समांतर. हे पाणी खोलीतलंच. माणसांच्या श्वासातलं, चहाच्या किटलीतलं, पोछ्यातलं.

मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग याला करायचं काय?" त्याचं उत्तर आकड्यांत आहे, ते उद्या लिहून दाखवते असं सांगितलं.

२० नोव्हेंबर

मिस्त्रींसाठी मांडलेलं गणित इथेही उतरवून ठेवते.

जानेवारीची पहाट घेऊ. बाहेर ६ अंश, आत १८ अंश, आतली आर्द्रता ६५ टक्के. अशा हवेचं दव ११.३ अंशांना पडतं. म्हणजे खोलीतल्या हवेला जी वस्तू ११.३ च्या खाली भेटेल, ती ओली होणार.

उष्णता भिंतीतून बाहेर जाताना वाटेत अडते. पोलाद तिला जवळजवळ अडवतच नाही. पत्र्याला आतून आणि बाहेरून चिकटलेले स्थिर हवेचे पातळ थर मात्र थोडी अडवतात. त्यांचा रोध आतून ०.१३ आणि बाहेरून ०.०४ धरतात. एकूण १२ अंशांचा फरक या रोधांच्या प्रमाणात वाटला जातो. नुसत्या पत्र्याच्या भिंतीत आतल्या थरावर सुमारे ९.२ अंश खर्ची पडतात, म्हणून पत्रा ८.८ अंशांवर असतो. ओला होणार हे नक्की.

आता आतून ५० मिमी वूल लावली. तिचा रोध साधारण १.३. एकूण झाला १.४७. यातले बहुतेक अंश वूलमध्येच खर्ची पडतात आणि पत्र्याचं तापमान येतं ६.३. म्हणजे अस्तर लावल्यावर पत्रा आधीपेक्षा अडीच अंशांनी जास्त थंड झाला. हेच लोकांच्या लक्षात येत नाही. खोलीची उष्णता पत्र्यापर्यंत पोचेनाशी झाली, त्यामुळे तो बाहेरच्या हवेइतका गार पडला. पण वाफेला वूल अडवत नाही. ती धाग्यांमधून आरपार जाते आणि पत्र्यावर पाणी होते. बाहेरून पोलाद म्हणजे अभेद्य भिंत, त्यामुळे ते पाणी बाहेरच्या बाजूने वाळण्याचा प्रश्नच नाही. विटांच्या घराला ही अडचण इतकी येत नाही, कारण वीट थोडं पाणी पिते आणि पुढे सोडते.

म्हणून अस्तर किती जाड, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की खोलीतली हवा थंड पत्र्याला शिवते का. ती शिवू नये यासाठी दोनच खात्रीचे मार्ग मला दिसतात. एक म्हणजे सगळं अस्तर पत्र्याच्या बाहेरून चढवायचं. मग पोलाद घराच्या उबेत राहतं आणि दव पडायचं कारणच उरत नाही. तत्त्वाने हाच मार्ग उत्तम. पण त्याला बाहेरून दुसरी पत्र्याची कातडी लागते आणि प्रत्येक खिडकीची चौकट पुढे काढावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे आतून असा फोम फवारायचा जो पत्र्याला कातडीसारखा चिकटेल, नालीच्या प्रत्येक खाचेत भरेल आणि ज्याचे बुडबुडे बंद असल्याने वाफ आत शिरू शकणार नाही. मी दुसरा घेतला. थर्माकोलच्या शीट कापून लावायचा तिसरा मार्ग स्वस्त दिसतो, पण नालीची खोली ३६ मिमी असते. सपाट शीटच्या मागे प्रत्येक नालीत हवेचा उभा बोगदा राहतो. तिथे पोचलेली वाफ कुणालाच दिसत नाही.

१० डिसेंबर

खिडक्यांच्या चौकटी बसल्या, प्रायमर वाळला. फोमआधी एक रात्र कंटेनर बंद ठेवून पहाटे मोजमाप घेतलं. बाहेर हवा ७.५ अंश. छताचा पत्रा आतून ४.५. पत्रा हवेपेक्षाही थंड, कारण निरभ्र आकाशाकडे तो रात्रभर उष्णता फेकत असतो. आत कुणी झोपलेलं नव्हतं, तरी छताच्या नाल्यांच्या खालच्या कडांना थेंब लटकले होते. दार ओढलं तसे ते हादरून पडले. निर्यातीच्या मालात कॅल्शियम क्लोराईडच्या पिशव्या टांगतात त्या याच पावसासाठी.

१५ डिसेंबर

जिप्समचा सांगाडा फोमच्या आधी उभा राहिला पाहिजे. मिस्त्रींची सवय चॅनेलला पत्र्यावर टाके मारायची. "ताई, टाके मारले की हलणार नाही." हलणार नाही, पण प्रत्येक टाका म्हणजे थंडी आत यायला लोखंडी वाट. पॅकहाऊसच्या ऑफिसमधल्या गंजाच्या रेघा चॅनेलला समांतर का होत्या याची त्यांना आठवण करून दिली. आता सांगाडा पत्र्यापासून २५ मिमी सुटा, फक्त खाली जमिनीवर आणि वर लाकडी ठोकळ्यांवर टेकलेला. फोम त्याच्या मागून आणि बाजूंनी भरला जाईल आणि तोच त्याला घट्ट धरून ठेवेल. फोमपुढे उरलेल्या २५ मिमी जागेत वायरिंगचे पाईप जातील. वायर फोममध्ये पुरायची नाही. तापलेल्या वायरची उष्णता तिथे कोंडते.

या सगळ्यात रुंदी गेली. आतले २.३५ मीटर होते, ते आता २.१७ झाले, म्हणजे सात फुटांच्या जरा वर. आई म्हणाली, "पलंग आडवा मावेल ना?" सव्वासहा फुटी मावतो. पण पायथ्याकडून जायला वाट उरत नाही. तो लांबीच्या दिशेनेच ठेवायचा.

१८ डिसेंबर

फोमवाले आले. दोन पिंपं, एका यंत्रातून दोन नळ्या, बंदुकीच्या तोंडाशी दोन्ही द्रव समान प्रमाणात मिसळतात आणि काही सेकंदांत फुगतात. सकाळी आठला सुरू करू म्हणत होते. मी अकरापर्यंत थांबवलं. सकाळी पत्र्यावर दव असतं, डोळ्यांना दिसलं नाही तरी हाताला लागतं. ओल्या पत्र्यावर फोम चिकटत नाही आणि आपण तर चिकटण्याचेच पैसे देतोय. पत्रा कोरडा, आणि दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश वर, हे मोजल्याशिवाय बंदूक उचलायची नाही असं ठरलं.

थर २५ मिमीचा एक, तो निवला की दुसरा. एकदम जाड मारला तर आतली प्रक्रियेची उष्णता बाहेर पडत नाही, फोम आतून करपतो, आकसतो आणि पत्र्यापासून सुटतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून वाळल्यावर मी बोटांनी ठोकत पूर्ण भिंत फिरले. चिकटलेला फोम भरीव, बद्द आवाज देतो. सुटलेला पोकळ वाजतो. दाराजवळ तसा एक पट्टा सापडला, तो पत्र्यापर्यंत कापून पुन्हा फवारून घेतला. कापलेला तुकडा हातात चुरून बघायचा. कुरकुरीत होऊन भुगा पडला तर एक द्रव जास्त, स्पंजसारखा मऊ राहिला तर दुसरा जास्त. आमचा तुकडा नखाने दाबला तर खळगा पडून पुन्हा जवळजवळ सपाट झाला. जाडी तारेने टोचून मोजली. भिंतींना ५० मिमी, छताला ७५, आणि तळाखालून आडव्या तुळयांसकट ४०. तुळया उघड्या सोडल्या असत्या तर जमिनीवर थंडीचे पट्टे उमटले असते.

फवारताना फवारणारे दोघंच आत, बाहेरून हवा पुरवणाऱ्या मुखवट्यासह. त्यातला एक द्रव श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो. आम्ही सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि त्यानंतर पूर्ण दिवस कंटेनर उघडा.

२९ डिसेंबर

जिप्सम चढलं. हे केवळ दिसण्यासाठी नाही. उघडा फोम आग पकडतो आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यामुळे साडेबारा मिमीचं बोर्ड प्रत्येक इंचावर हवंच, कपाटाच्या मागेही.

खिडक्यांच्या बॉक्स पाईपवरून फोम आतल्या कडेपर्यंत वळवला आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात, तळाशी, वीतभर चौकोनाचं एक झाकण ठेवलं. मागचा फोमही तिथे सुटा निघतो. पत्रा वर्षानुवर्षं बघता आला पाहिजे.

१४ जानेवारी

राहायला आलो. पहाटे बाहेर ५ अंश. शेजारच्या बागेत घडांना थंडी बाधू नये म्हणून शेकोट्या पेटलेल्या. आत हीटरशिवाय १७. भिंत हाताला उबदार, मोजलं तर १६ च्या वर. खिडकीच्या काचेवर मात्र पाणी, आणि त्याच्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. सगळ्या घरात काच आता सर्वांत थंड जागा आहे, म्हणून आतली हवा किती ओली झाली ते तीच पहिल्यांदा सांगते. आर्द्रता ७८ टक्के होती.

कारण साधं आहे. आतली हवा साधारण ७० घनमीटर. १८ अंशांना ती फार तर लिटरभर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. झोपलेला माणूस तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आम्ही दोघी आठ तासांत पाऊण लिटरच्या आसपास. घर जितकं हवाबंद केलं तितकं हे पाणी आतच राहणार. वर स्वयंपाकाचा गॅस. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. घरच्या एका सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस संपेपर्यंत बावीस-तेवीस लिटर पाणी हवेत गेलेलं असतं.

आईला पहाटे खिडकी उघडी ठेवणं पटत नव्हतं. "थंडी आत घेऊन काय मिळवतेस?" बाहेरची ५ अंशांची हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता निम्म्याहून खाली येते, ती खोलीतला ओलावा उचलून नेते. तिला आर्द्रतामापक उशाशी ठेवून दिला. चुलीवरचा पंखा शेगडीबरोबर, न्हाणीघरातला दिवा लावताच सुरू होऊन दिवा बंद केल्यावर वीस मिनिटं चालणारा, आणि पलंगाच्या वर एक लहानशी जाळी कायम उघडी. आठवड्यात पहाटेचा आकडा ६० च्या खाली आला, काचही कोरडी.

२४ एप्रिल

दुपारी बाहेर ४०.५. वरचं दुसरं छप्पर मार्चमध्येच चढवलं. पांढरा प्रोफाईल पत्रा, कंटेनरच्या छतापासून फूटभर वर, दोन्ही टोकांना उघडा. वरचा पत्रा ५८ अंश, त्याच्या सावलीतलं कंटेनरचं छत ४३. मधल्या फटीतून गरम वारा सतत वाहतो. फोम उष्णता मंद करतो, सावली ती येऊच देत नाही. दोन्हींत मला सावलीच जास्त मोलाची वाटते. हेच छप्पर हिवाळ्यातही उपयोगी पडेल. आकाशाकडे उष्णता फेकण्याचं काम ते करेल, खालचं छत हवेपेक्षा थंड होणार नाही.

मर्यादाही दिसली. चार वाजता एसीशिवाय आत ३५. विटांच्या जाड भिंतीत रात्रीचा गारवा साठतो, इथे साठवायला वजनच नाही. सकाळी नऊ वाजता खिडक्या बंद, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा, संध्याकाळी सात वाजता सगळं उघडं. एवढं केलं तरी दुपारी तीन तास एसी लागतो. आत बसवलेला पडदा उपयोगाचा नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

२७ जुलै

पावसाळ्यात गणित उलटतं. बाहेर २५ अंश, आर्द्रता नव्वद टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेचं दव २३ अंशांच्या वर पडतं. भाचे आले होते, त्यांनी एसी २० वर ठेवला आणि दार उघडझाप करत राहिले. संध्याकाळी दाराच्या लोखंडी चौकटीला घाम फुटला, आतल्या बाजूने. पोलाद भिंतीतून ओल येऊ देत नाही, ती दारातून आली. एसी आता २६ वर. त्या तापमानाला घरातली कुठलीच वस्तू २३ च्या खाली जात नाही.

आज उत्तरेच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. मिस्त्री मुद्दाम आले होते. पत्रा कोरडा, प्रायमर जसाच्या तसा, फोमची कड पत्र्याला धरून. त्यांनी नखाने कड उचकटायचा प्रयत्न केला, सुटली नाही. पॅकहाऊसच्या मालकांनी त्यांना पुन्हा बोलावलंय. सगळी वूल काढायची, गंज घासायचा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फोम. तिथे चॅनेल पत्र्यालाच टाकलेले आहेत. ते कापून सुटे उभे करा, नाहीतर फोम मारूनही त्याच रेघा परत येतील, एवढं सांगून ठेवलं.